सोलापूरच्या कारखान्याला पहिलं पत्र

माझा भाचा चिपळूणला कापडाचं दुकान चालवतो. टॉवेल आजवर गावातल्याच ठोक दुकानातून उचलायचा. लॉजवाल्यांची मागणी वाढली, तसं त्यानं थेट सोलापूरच्या एका मोठ्या कारखान्याला लिहायचं ठरवलं. मी सोलापुरातच दुसऱ्या कारखान्यात ऑर्डरी बघतो, म्हणून मसुदा आधी माझ्याकडे आला.

सुरुवातीला 'आपल्या सुप्रसिद्ध आस्थापनेशी', मग आजोबांनी दुकान कसं काढलं त्याचा इतिहास, आणि शेवटी कामाची एकच ओळ: 'टॉवेलचे बेस्ट रेट आणि 60 दिवसांची उधारी मिळावी.'

असली पत्रं आमच्याकडे बाजूला पडतात, कारण त्यांना उत्तरच देता येत नाही. टॉवेल कुठला, किती, पैसे कधी आणि भाडं कोणाचं, हे कळल्याशिवाय भाव काढणार कसा?

"मामा, मला जीएसएम वगैरे काही कळत नाही. हसतील ते."

"तुझा सगळ्यात जास्त खपणारा टॉवेल काट्यावर ठेव."

30 बाय 60 इंची टॉवेल 520 ग्रॅम भरला. या मापाचं क्षेत्रफळ साधारण 1.16 चौरस मीटर. 520 ला 1.16 नं भागलं की 448 येतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा हा साधारण 450 जीएसएमचा माल. हाच हिशेब नमुना आल्यावरही करायचा. सांगितले 450 जीएसएम आणि टॉवेल काट्यावर भरला 460 ग्रॅम, तर हातात 400 जीएसएमचा माल आलाय.

उधारीची ओळ मी खोडायला लावली. अनोळखी दुकानाला पहिल्याच पत्रात उधारी कोण देईल? नमुना पसंत पडला की माल निघण्याआधी येणाऱ्या प्रोफॉर्मा बिलावर पैसे, आणि उधारीचा विषय दोन-तीन ऑर्डरी सुरळीत झाल्यावर. इतिहासही गेला. दुकानाच्या लेटरहेडवर जीएसटी नंबर होताच. उरलं ते असं:

'लॉजसाठी पांढरे टेरी टॉवेल हवेत. माप 30 बाय 60 इंच, वजन नगामागे सुमारे 520 ग्रॅम. पहिली ऑर्डर 200 नग, पुढे दर दोन महिन्यांनी तेवढीच. प्रोफॉर्मावर आगाऊ पैसे देऊ. माल चिपळूणला ट्रान्सपोर्टनं, भाडं टू-पे, माल घेताना आम्ही देऊ. नगाचा भाव जीएसटी वेगळा दाखवून कळवावा. एक नमुना पाठवावा.'

उत्तर आलं, पण नमुन्याचे पैसे मागितले होते. भाचा बिचकला. मी म्हटलं, दे. फक्त 'पहिल्या बिलात वळते करावेत' एवढं लिही. ते त्यांनी मान्य केलं. नमुना 515 ग्रॅम भरला. आता तो तीन-चारदा गरम पाण्यात धुवून, वाळवून पुन्हा मापायला सांगितलाय. लॉजचा टॉवेल रोज धुतला जातो आणि आटला की तक्रार दुकानदाराकडेच येते.