छोट्या गटाचे टक्के कसे छापायचे: आधी बेस मोजा, मग तोंड उघडा

सर्व्हेचा डेटा साफ झालाय, डुप्लिकेट काढलेत, क्रॉसटॅब टाकता येतो असं धरून चालतो. प्रश्न पुढचा आहे. एकूण लोकांचा टक्का कोणीही काढतं, पण "ज्येष्ठांचं काय?", "फक्त कोथरूडचं सांगा ना" असं कोणी म्हटलं की गट वीस-पंचवीसवर येतो आणि तरी रिपोर्टमध्ये ६०.८७ टक्के असा आकडा ऐटीत बसलेला दिसतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा पुण्यात २०० जणांना पीएमपीच्या बसबद्दल विचारलं, त्यातले ३८ जण साठीच्या पुढचे. प्रश्न असा की बसची पायरी चढायला उंच पडते का. आता बेस, म्हणजे ज्याने भागायचं ती माणसांची संख्या, किती? बहुतेक जण ३८ म्हणतात. चूक. ३८ पैकी १५ जण बसने जातच नाहीत म्हणून फॉर्मने त्यांना हा प्रश्न विचारलाच नाही, स्किप झाला. उरले २३, त्यातले १४ हो म्हणाले. १४ ला ३८ ने भागलं तर ३७ टक्के, २३ ने भागलं तर ६१, एकाच डेटातून. खरा आकडा दुसरा, पण मग वाक्यही "बसने जाणाऱ्या ज्येष्ठांपैकी" असंच पाहिजे, नुसतं "ज्येष्ठांपैकी" नाही. म्हणून बेस गटाचा नाही, त्या प्रश्नाचा मोजायचा, प्रत्येक प्रश्नाला वेगळा. "सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांना आत ठेवायचं की बाहेर हे टक्के बघायच्या आधी ठरवा आणि टेबलाखाली लिहा. मी आत ठेवतो.

आता खरी गोची, वेटिंगची, म्हणजे सर्व्हेत कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देण्याची. मला स्वतःला हे डोक्यात बसायला बराच वेळ लागला, कारण सॉफ्टवेअर वेट लावलं की बेसच्या रांगेतही वेटेड आकडा दाखवतं आणि तो दिसायला अगदी साळसूद असतो. समजा सर्व्हेत तरुण जास्त आले, म्हणून प्रत्येक ज्येष्ठाला २ वेट दिलं. टेबलात बेस दिसणार ४६. तुमचा नियम "३० च्या खाली छापायचं नाही" असा असेल तर ४६ आरामात पास होतो, पण माणसं तेवीसच आहेत, कागदावर दुप्पट केल्याने नवीन कोणी बोलायला आलेलं नाही. किमान बेसचा नियम नेहमी अनवेटेड आकड्याला लावायचा. यावर मी वाद घालत नाही.

वेट सगळ्यांना सारखं नसेल तर अजून वाईट. समजा त्या २३ पैकी तिघांना ५ वेट आहे आणि बाकी २० जणांना १. मग वेटेड बेरीज ३५, आणि त्या तिघांपैकी एकाने जरी हो चं नाही केलं तर टक्का १४ पॉइंटने हलतो. अशा वेळी इफेक्टिव्ह बेस काढायचा: वेटच्या बेरजेचा वर्ग भागिले वेटच्या वर्गांची बेरीज. इथे ३५ चा वर्ग १२२५, वर्गांची बेरीज ७५ अधिक २० म्हणजे ९५, उत्तर जेमतेम १३. म्हणजे हातात २३ माणसं असून माहिती तेरा जणांएवढीच. पायव्होट टेबल हे आपणहून कधीच सांगणार नाही, वेटच्या कॉलमशेजारी वर्गाचा कॉलम काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

किमान बेस किती? जगभर एकच आकडा नाही. आपल्याकडे एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या रिपोर्टात टक्का २५ ते ४९ अनवेटेड केसेसवर असेल तर कंसात छापतात आणि २५ च्या खाली असेल तर आकड्याच्या जागी स्टार. मी तेच वापरतो: ५० पासून पुढे टक्का, २५ ते ४९ ला कंसात टक्का, त्याखाली टक्का नाहीच, सरळ "२३ पैकी १४ जण". फक्त नियम टेबल बघायच्या आधी लिहून ठेवा. नाहीतर आवडता आकडा आला की २४ सुद्धा "जवळपास २५च की" वाटायला लागतात.

मग रेंज काढा, म्हणजे खरा टक्का साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. प्लस-मायनसचं शाळकरी सूत्र छोट्या बेसला दगा देतं, शंभराच्या वर किंवा शून्याच्या खाली सुद्धा जातं. विल्सनची पद्धत वापरा. A2 मध्ये हो म्हणणारे, B2 मध्ये बेस, खालची मर्यादा अशी:

```
=(A2/B2+1.9208/B2-1.96*SQRT(A2/B2*(1-A2/B2)/B2+0.9604/B2^2))/(1+3.8416/B2)
```

वरच्या मर्यादेसाठी 1.96 च्या आधीची वजाबाकी अधिक करा. वेट असेल तर B2 मध्ये इफेक्टिव्ह बेस आणि A2 मध्ये वेटेड टक्का गुणिले तो बेस. आपल्या १४/२३ चं उत्तर (वेट सारखं धरून) साधारण ४१ ते ७८ टक्के. एवढ्या पसाऱ्यात ६०.८७ मधला ८७ कशाला पाहिजे? २३ च्या बेसमध्ये एक माणूसच ४.३ पॉइंटचा आहे. बेस १०० च्या आत असेल तर दशांश छापूच नका.

राउंडिंग सगळ्यात शेवटी, एकदाच. साठीच्या आतले बसने जाणारे ११७, त्यातले ५२ हो म्हणाले, म्हणजे ४४.४४. फरक ६०.८७ वजा ४४.४४ म्हणजे १६.४३, छापायचाच झाला तर १६. राउंड केलेल्यांची वजाबाकी केली की १७ येतो, मग मीटिंगमध्ये कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतंच. खाली "राउंडिंगमुळे फरक जुळेलच असं नाही" एवढं लिहा. टक्क्यांची बेरीज ९९ किंवा १०१ आली तर तशीच राहू द्या, "इतर" मध्ये एक ढकलून शंभर करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

आणि तो १६ चा फरक? त्याची स्वतःची रेंज काढली तर साधारण उणे ६ ते अधिक ३५, म्हणजे ज्येष्ठांना त्रास जास्त आहे असं या डेटावरून ठामपणे म्हणता येत नाही, आणि त्रास सारखाच आहे असंही नाही. दोन गटांच्या रेंज एकमेकींवर चढल्यात एवढं बघून "फरक नाही" म्हणू नका, फरकाची रेंज वेगळी काढावी लागते.

टेबलाखालची टीप मी अशी लिहितो: "बसने जाणारे ६० च्या पुढचे, अनवेटेड बेस २३, त्यापैकी १४ हो म्हणाले. बेस लहान असल्याने टक्का दिलेला नाही, गटांची तुलना करू नये." आणि फॉर्म सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवून भरून घेतला असेल तर तेही त्याच टीपेत, कारण वरची सगळी रेंज रँडम सँपल धरून काढलेली असते, ग्रुपवर कोणी उत्तर दिलं आणि कोणी नुसतं वाचून सोडलं याचा हिशोब तिच्यात नाही. ही टीप रिपोर्टच्या शेवटी नको, त्याच स्लाइडवर, टेबलाला चिकटून, वाचता येईल एवढ्या फॉन्टमध्ये. लोक स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात आणि शेवटचं पान कोणी पाठवत नाही. क्लायंट म्हणाला "ते तेवीस काढा, बरं दिसत नाही", तर तेवीसबरोबर ती पूर्ण रांगच काढा.