चेहरा एकीचा, शरीर दुसरीचं: फोटो जोडताना या चुका टाळा

स्टुडिओत एक मुलगा येतो. त्याच्याकडे मुलीचा इन्स्टाग्रामवरून घेतलेला फोटो असतो. एका नवरीच्या फोटोवर तो चेहरा बसवून शेजारी स्वतःला उभं करून द्या, एवढीच त्याची मागणी. एडिटरला काम दहा मिनिटांचं वाटतं आणि इथेच पहिली चूक होते: गिऱ्हाईकाच्या होकाराला संमती समजणं. संमती जिचा चेहरा आहे तिची हवी. तिने फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला म्हणजे कापून कुठेही लावायची मुभा दिली, असं होत नाही. तिच्याशी थेट बोलणं होत नसेल तर काम घेऊ नका. होकार मिळाला तरी कोणता फोटो, कशासाठी आणि कुठे लावणार, हे लिहून घ्या. घरच्या अल्बमसाठी दिलेला होकार दुकानाच्या जाहिरातीला चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे शरीर कुणाचं, हे विसरणं. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ पसरला, तेव्हा चेहरा तिचा होता, पण शरीर एका ब्रिटिश-भारतीय तरुणीचं होतं. त्या तरुणीलाही कुणी विचारलं नव्हतं. फोटोतही तेच घडतं. शिवाय मूळ फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे किंवा पैसे देऊन तो काढून घेणाऱ्याकडे असू शकतो.

‘अश्लील काही नाही, मग गुन्हा कसला?’ हे मी वारंवार ऐकतो. वरचा जोडफोटो लग्न झाल्याचा पुरावा म्हणून तिच्या सासरी किंवा गावच्या ग्रुपवर गेला, तर अंगभर साडी असूनही बदनामी होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बदनामीच्या हेतूने बनावट इलेक्ट्रॉनिक दस्त तयार केल्याचं सिद्ध झालं, तर कलम 336 खाली तीन वर्षांपर्यंत. फोटो अश्लील असेल आणि पसरवला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 लागतं. उघड लैंगिक असेल तर 67अ, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव इथे कामाचा नाही, कारण पसरवणं हाच गुन्हा आहे.

असा फोटो तुमचाच फिरत असेल, तर घाबरून चॅट डिलीट करू नका. आधी लिंक, प्रोफाइलचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोटोही जपून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की मानेजवळचा रंग आणि प्रकाशाची दिशा जुळत नाही, हे पोलिसांना दाखवता येतं. मग ॲपकडे आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. पैसे मागितले किंवा गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा.

फोटो अल्पवयीन मुलीचा किंवा मुलाचा असेल आणि अश्लील असेल, तर नातेवाइकांना ‘बघा काय झालंय’ म्हणूनही पाठवू नका. कलम 67ब खाली असं चित्र गोळा करणं आणि पुढे पाठवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. लिंक लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.