दुकानाच्या बोर्डावरचा मजकूर छाटताना या चुका टाळा

फ्लेक्सवाला व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवतो, मालक मोबाइल हातात धरून पाहतो, सगळं स्वच्छ वाचता येतं आणि छपाईला होकार जातो. पहिली चूक इथेच होते. 10 फुटी बोर्ड मोबाइलवर साधारण 5 इंच रुंद दिसतो, म्हणजे चोविसावा भाग. तो एका फुटावरून वाचणं म्हणजे खरा बोर्ड 24 फुटांवरून वाचणं. ताशी 40 किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला 36 फूट कापते. तिला 24 फुटांवर पाटी कळली, तर ब्रेक लागेपर्यंत दुकान मागे पडलेलं असतं. 90 फुटांवरून कळली, तर अडीच सेकंद मिळतात.

आरामात वाचण्यासाठी ढोबळ हिशेब असा : दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर. 90 फुटांसाठी 9 इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. ‘12 इंची ओळ’ असं सांगितलं जातं तेव्हा त्यात वेलांटी, अनुस्वार, उकार सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष अक्षर 7-8 इंचांचंच निघतं.

आता 10 बाय 3 फुटांचा एक नेहमीचा बोर्ड घेऊ :

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
न्यू साईकृपा इलेक्ट्रिकल्स अँड रिवाइंडिंग वर्क्स
आमचे येथे सर्व प्रकारच्या पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर यांची योग्य दरात खात्रीशीर रिवाइंडिंग करून मिळेल
प्रो. प्रा., पत्ता, दोन मोबाइल नंबर

दोन्ही कडेला 3 इंच सोडले तर रुंदी उरते 114 इंच. नावाची लांबलचक ओळ त्यात बसवायची तर अक्षर जेमतेम 5 इंचांचं होतं. त्यातही ‘क्ट्रि’सारखं जोडाक्षर लांबून नुसता काळा ठिपका वाटतं. मग जागा पुरत नाही म्हणून अक्षरं उभी ताणली जातात, आणि रोग वाढतो : रस्त्याला समांतर असलेली पाटी येणाऱ्याला तिरकी दिसते, 45 अंशांतून रुंदी जवळजवळ 70 टक्केच भासते. आधीच चिंचोळी अक्षरं एकमेकांत मिसळतात.

छाटताना बरेच जण भलताच शब्द काढतात. ‘रिवाइंडिंग’ मोठा म्हणून उडवतात आणि ‘इलेक्ट्रिकल्स’ ठेवतात. मग लोक बल्ब मागायला येतात. नावाची आद्याक्षरं करणं त्याहून वाईट, कारण ती दुकानदाराशिवाय कुणालाच कळत नाहीत. शब्द काढल्यावर वाटसरूचा समज बदलतो का, एवढंच पाहा. ‘न्यू’, ‘अँड’, ‘वर्क्स’, ‘आमचे येथे’, ‘सर्व प्रकारच्या’ गेले तरी काही बिघडत नाही. ‘योग्य दरात’ तर सगळेच लिहितात. अयोग्य दराची पाटी अजून कुणी लावलेली नाही. पत्ताही नको, वाचणारा तिथेच उभा आहे.

उरतं ते असं :

साईकृपा
मोटार रिवाइंडिंग
पंप, पंखे, मिक्सर

वरखाली 3-3 इंच सोडून 30 इंच उंची मिळते. मधल्या ओळीचं अक्षर 9 इंच, वरच्या मात्रांना 3. नावाचं अक्षर 6 इंच, वर ‘ई’च्या रफाराला आणि खाली ‘कृ’च्या ऋकाराला 2-2. तिसऱ्या ओळीचं अक्षर 3 इंच, वर 1. ओळींमध्ये 2-2 इंच मोकळे. हे मोकळे इंच भरून टाकू नका, नाहीतर ‘कृ’चं शेपूट खालच्या वेलांटीत अडकतं आणि दोन्ही शब्द बिघडतात. नावापेक्षा काम मोठं ठेवलंय, कारण साईकृपा नावाची दुकानं गल्लोगल्ली असतात. गावात लोक तुम्हाला नावानेच ओळखत असतील, तर हे प्रमाण उलटं करा.

इंग्रजी ओळ ठेवायचीच असेल तर ती मराठीपेक्षा मोठी नको. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही.

काढलेला मजकूर फेकायचा नाही. मोबाइल नंबर शटरवर रंगवा. तो लागतो दुकान बंद असतानाच. कामांची यादी दाराशेजारी डोळ्यांच्या उंचीवर, 1 इंची अक्षरात. ‘श्री गणेश प्रसन्न’ चौकटीवर छान दिसतं.

छपाईआधी डिझाइन 10 इंच रुंद छापून भिंतीला लावा. हा बारावा भाग, म्हणून 90 फुटांऐवजी साडेसात फुटांवर उभं राहायचं. दुकान माहीत नसलेल्या माणसाला तीन सेकंद दाखवा, कागद झाका आणि विचारा : इथे काय मिळतं? नाव सांगितलं पण काम सांगता आलं नाही, तर मधली ओळ लहान आहे किंवा मागचा फोटो तिला गिळतोय. ‘काहीतरी डिंग’ असं उत्तर आलं, तर अक्षराभोवतीची आउटलाइन आणि सावली काढा. ‘डिं’ची पोकळी त्यांनीच बुजवलेली असते.