लेखाचा दर कसा ठरवावा: शब्दावर की लेखावर?

'शब्दाला एक रुपया घे' हा सल्ला नव्या लेखकांना सर्रास मिळतो. वाचन, फोन आणि दुरुस्त्या यांत गेलेला वेळ त्यात कुठेच धरलेला नसतो.

आधी तासाचा दर काढा. महिन्याला 25,000 रुपये हवे असतील आणि खरं लेखनकाम 100 तास होत असेल, तर तासाला 250.

आता नागपुरातल्या एका संत्रा व्यावसायिकाचा लेख धरा: आंबिया आणि मृग बहारातला फरक, 800 शब्द. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत, इतकं सांगून भागत नाही. पाण्याचा ताण कधी द्यायचा, कळमन्याच्या बाजारात कोणत्या बहाराचा माल कधी येतो, हे विचारावं लागतं. यात शोधाचे चार तास, लेखनाचे तीन, दुरुस्त्यांचे दोन. नऊ तासांचे 2,250 रुपये होतात. शब्दाच्या दराने हातात येतात 800, म्हणजे तासाला नव्वदही नाहीत. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. इंग्रजीतला शब्ददर मराठीला जसाच्या तसा लावू नका.

शब्दावर दर फक्त तिथेच घ्या जिथे माहिती समोरचाच देतो. बर्फीच्या पाकिटावरचा 200 शब्दांचा मजकूर चाळीस मिनिटांत होत असेल, तर तिथे एक रुपया परवडतो.

खरी अडचण दुरुस्त्यांची आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिनेच दिला. 'दोन दुरुस्त्या मोफत' एवढं लिहून काही होत नाही, कारण दुरुस्ती म्हणजे काय यावरच वाद होतो. मालक एक सांगतात, दोन दिवसांनी त्यांचा मुलगा दुसरंच सांगतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप येत राहतात. म्हणून लिहायला बसण्याआधी सात-आठ ओळींचा आराखडा पाठवा आणि 'मंजूर' असं लेखी उत्तर घ्या. ते येईपर्यंत पहिला परिच्छेदसुद्धा लिहू नका.

मंजूर आराखड्याच्या आत भाषा सोपी करणं, आकडा सुधारणं, परिच्छेद हलवणं ही दुरुस्ती. 'मृग बहार काढा, निर्यातीवर लिहा' हे नवं काम. त्यात शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. एक फेरी म्हणजे एकाच माणसाकडून, एकाच वेळी, लेखी आलेल्या सगळ्या सूचना. मुदत सात दिवसांची. तिसऱ्या फेरीपासून तासाचा दर. तुमची माहिती चुकली असेल तर ती मात्र केव्हाही फुकट दुरुस्त करा, ती फेरीत मोजू नका.

निम्मे पैसे आगाऊ घ्या.

दरपत्रकात असं लिहा: 'लेख, सुमारे 800 शब्द, शोध व दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांसह: 2,250 रुपये. पुढील फेरी: 250 रुपये तास.' घासाघीस झाली तर तासाच्या दराला हात लावू नका. एक फेरी कमी करा, किंवा बाजाराची माहिती त्यांच्याकडूनच मागवून शोधाचे तास घटवा.