योनाच्या ग्रंथातील शेवटचा प्रश्न वाचताना या चुका टाळा

योनाचा ग्रंथ अवघ्या चार अध्यायांचा आणि ४८ वचनांचा आहे. त्यांतील तीनच वचनांत माशाचा उल्लेख येतो, तरीही बहुतेकांच्या लक्षात मासाच राहतो. ग्रंथ मात्र माशापाशी संपत नाही. तो अश्शूरच्या निनवे शहराच्या पूर्वेला, त्या शहराला क्षमा मिळाली म्हणून रागावून उन्हात बसलेल्या आणि मरण मागणाऱ्या योना या संदेष्ट्यापाशी संपतो. वाळलेल्या झाडाची तुला कीव आली, मग या निनवेची मी कीव करू नये काय, असा प्रश्न परमेश्वर त्याला विचारतो आणि योनाने त्यावर काय उत्तर दिले हे न सांगताच लेखक थांबतो. हा प्रश्न मूळ श्रोत्यांच्या कानांनी ऐकायचा असेल, तर पुढील चुका टाळाव्या लागतात. त्यांतील पहिली सर्वांत जास्त आढळते आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात.

कथेचा काळ हाच श्रोत्यांचा काळ समजणे

अमित्तयाचा मुलगा योना हे नाव लेखकाने जुन्या इतिहासातून घेतले आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (१४:२५) गथ-हेफेर गावचा हा संदेष्टा दुसऱ्या यराबाम राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकात दिसतो. ग्रंथाची भाषा मात्र पुष्कळ नंतरची आहे. तिच्यात अरामी वळणाचे शब्द आहेत आणि निनवे हे ‘महानगर होते’ असा भूतकाळ आहे (३:३). त्यामुळे बहुतेक अभ्यासक ही रचना बाबेलच्या बंदिवासानंतरची, पारसिक राजवटीच्या काळातील मानतात.

एवढ्या फरकाने सारा अर्थ बदलतो. कथेतील योनाला पुढे काय घडणार हे ठाऊक नाही, पण ती ऐकणाऱ्याला सर्व काही ठाऊक आहे. ज्या अश्शूरच्या महानगराला क्षमा मिळाल्याचे तो ऐकतो, त्याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शमरोन घेतले आणि उत्तरेकडील इस्राएलाचे राज्य संपवले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातील लाखीश जिंकले आणि त्या विजयाची शिल्पे निनवेतील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटाबाहेर सुळांवर चढवलेली माणसे दिसतात, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर बैलगाडीत सामान लादून, मुलाबाळांना घेऊन देशोधडीला लागलेली कुटुंबे दिसतात. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली सैन्यांनी निनवेही धुळीस मिळवले. म्हणजे हा प्रश्न प्रथम ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने क्षमा मिळालेले शहर नंतर त्यांच्या पूर्वजांवर उलटले होते, आणि शेवटी तेही उरले नव्हते.

आपल्या वाचनात ही चूक झाली आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘निनवे’ या शब्दाच्या जागी ‘कोणतेही एक पापी शहर’ असे घालूनही आपला अर्थ तसाच टिकत असेल, तर मूळ श्रोता आपल्या हातून निसटला आहे.

योनाला कोत्या मनाचा ठरवणे

योना परकीयांचा द्वेष करणारा आणि देव सर्वांचा, अशी मांडणी प्रवचनांतून वारंवार ऐकू येते, आणि तिच्या आडून संपूर्ण यहूदी समाजावरच ठपका ठेवला जातो. ग्रंथ असे म्हणत नाही. जहाजावरील परदेशी खलाशांना वाचवण्यासाठी योना स्वतःला समुद्रात फेकून द्यायला सांगतो. त्याची तक्रार परकीयांविषयी नसून न्यायाविषयी आहे, आणि लेखक ती चौथ्या अध्यायापर्यंत मुद्दाम दाबून ठेवतो. निनवेला जाण्याची आज्ञा मोडून योना तार्शीशला का पळाला, हे आपल्याला तेव्हा कुठे कळते. ‘तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला आणि अनिष्ट करण्याविषयी अनुताप पावणारा देव आहेस, हे मला ठाऊक होते,’ असे तो म्हणतो (४:२).

ही शब्दावली सीनाय पर्वतावरील आहे (निर्गम ३४:६-७) आणि श्रोत्यांना ती तोंडपाठ होती. त्यामुळे योनाने काय गाळले हेही त्यांच्या कानांना जाणवले असणार. मूळ वचनात ‘दया’ या शब्दापाठोपाठ ‘एमेत’, म्हणजे सत्य किंवा विश्वसनीयता, हा शब्द येतो. योना तो उच्चारतच नाही, आणि त्याच्या वडिलांचे ‘अमित्तय’ हे नाव तर त्याच शब्दापासून बनलेले आहे. मला यात त्याचे दुखणे दिसते: निनवेला सूट देणारा देव दयाळू आहे हे खरे, पण ज्यांचा बळी गेला त्यांच्या बाजूने तो विश्वसनीय कसा म्हणावा? हा आक्षेप हलका नाही. तो हलका मानला, की शेवटचा प्रश्नही हलका होतो.

‘कीव’ हा शब्द सहज ओलांडून जाणे

शेवटच्या दोन वचनांचा आशय असा आहे: ज्या झाडासाठी तू कष्ट केले नाहीस, जे तू वाढवले नाहीस, जे एका रात्रीत आले आणि एका रात्रीत गेले, त्याची तुला कीव आली, मग ज्यात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्या निनवे महानगराची मी कीव करू नये काय?

‘कीव’ या अर्थाचा मूळ हिब्रू शब्द ‘हूस’ आहे. हिब्रू बायबलमध्ये तो बहुधा डोळ्यांशी जोडून येतो. कीव डोळ्याला येते. बंदिवासानंतरच्या श्रोत्याने हा शब्द एका भयंकर जागी ऐकलेला होता. यहेज्केलाच्या ग्रंथात परमेश्वर यरुशलेमविषयी पुन्हा पुन्हा म्हणतो की माझा डोळा कीव करणार नाही (५:११, ७:४, ८:१८, ९:१०). त्यानंतर इ.स.पू. ५८७-५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि मंदिर जळाले. आता तोच देव तोच शब्द वापरून विचारतो आहे की निनवेची मी कीव करू नये काय. ज्यांच्या स्वतःच्या नगरीला ती कीव मिळाली नाही, त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवलेला आहे. मला या ग्रंथातील सर्वांत धीट गोष्ट हीच वाटते, आणि ‘होय, देव सर्वांवर प्रेम करतो’ असे घाईने म्हणून टाकले की नेमकी तीच हरवते.

आता झाडाचा प्रसंग नीट पाहू. हिब्रूत त्याचे नाव ‘कीकायोन’ आहे. कोणी त्याला एरंड मानतात, तर प्राचीन ग्रीक भाषांतर भोपळीचा वेल म्हणते. जेरोमने लॅटिन भाषांतरात भोपळीऐवजी आयव्हीचा वेल घातला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील एका मंडळीत त्या एका शब्दावरून मोठा गोंधळ झाला होता. प्रसंगाचा अर्थ मात्र झाडाच्या जातीवर अवलंबून नाही. झाड उगवते आणि योनाला फार आनंद होतो. पहाटे किडा लागून ते वाळते, पूर्वेचा झळईचा वारा सुटतो, डोक्यावर ऊन तापते आणि तो मरण मागतो. काटेकोरपणे पाहिले तर त्याला झाडाची नव्हे, स्वतःची कीव आली आहे. तरीही परमेश्वर त्याच्या रागाला ‘कीव’ हेच नाव देतो. योनात जेवढी माया सापडते तेवढी धरून तो पुढचा प्रश्न उभा करतो, म्हणून त्या वाक्याचा सूर केवळ फटकारण्याचा मानू नये.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. योनाला झाडाची कीव येते ती झाड वाळून गेल्यावर. मूळ शब्दांत ते ‘रात्रीचे पुत्र’ म्हणून आले आणि ‘रात्रीचे पुत्र’ म्हणून नष्ट झाले. श्रोत्यांपुढचे निनवेही तसेच होते, आधीच नष्ट झालेले. त्यामुळे ‘त्या वेळी मी त्यांना वाचवायला नको होते का’ एवढाच या प्रश्नाचा अर्थ त्यांच्यापुरता राहत नाही. शत्रूचे शहर मातीत मिळाल्यावरही त्याच्याविषयी काही वाटावे का, हेही त्यात विचारले जाते.

प्रश्नचिन्ह खोडणे, किंवा उत्तर लिहून टाकणे

प्राचीन हिब्रूत विरामचिन्हे नव्हती आणि शेवटच्या वचनात प्रश्नवाचक अव्ययही नाही. त्यामुळे काही आधुनिक अभ्यासक ते विधान मानतात: ‘तुला झाडाची कीव आली, पण मी निनवेची कीव करणार नाही.’ शहर पुढे खरोखरच नष्ट झाले, हा त्यांचा आधार आहे. मला हे वाचन पटत नाही. अव्ययाशिवायचा प्रश्न हिब्रूत नेहमीचा आहे. आपणही ‘तू एवढ्या लांबून आलास आणि मी स्टेशनवर येणार नाही?’ असे केवळ आवाजाच्या चढावर विचारतो. शिवाय ‘तू… आणि मी’ अशी लहानावरून मोठ्याकडे जाणारी जोडणी प्रश्नाकडेच नेते. विधान मानले तर अजाण माणसांचा आणि गुरांचा उल्लेख कीव न करण्याचे कारण ठरेल, आणि त्याला काही अर्थ उरत नाही. तरीही या मताचा एक उपयोग आहे: निनवेचा अंत श्रोत्यांना ठाऊक होता, याचा विसर ते पडू देत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे योनाच्या तोंडी उत्तर घालणे. ‘याल्कूत शिमोनी’ या मध्ययुगीन यहूदी भाष्यसंग्रहात योना पालथा पडून ‘तुझे जग दयेने चालव’ असे म्हणतो. योम किप्पूर या यहूदी प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी सभास्थानात हा ग्रंथ वाचला जातो, तेव्हा त्यापाठोपाठ मीखाची ७:१८-२० ही क्षमेची वचने वाचण्याची प्रथा आहे. मुंबईच्या बेने इस्राएल समाजाने १७९६ मध्ये मांडवी भागात उभारलेल्या पहिल्या सभास्थानाचे नाव ‘शआर हरहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, असे आहे. उपासनेत मीखाची जोड योग्यच आहे. उपवास करणाऱ्या माणसाला रिकाम्या प्रश्नावर सोडता येत नाही. परंतु ते उपासनेने दिलेले उत्तर आहे, ग्रंथकाराचे नाही, आणि अर्थ लावताना हा भेद राखावा लागतो.

माणसांच्या आकड्याविषयी थोडक्यात सांगतो. ‘उजवा-डावा हात न कळणारी’ म्हणजे फक्त लहान मुले, असा अर्थ घेतला तर निष्पापांची कीव करणे सोपे होते आणि प्रश्नातील पेच नाहीसा होतो. मूळ वाक्यात ‘माणूस’ असा सरसकट शब्द आहे. बरे-वाईट शिकवणारे नियमशास्त्र ज्यांना मिळाले नाही असे सारे शहर त्यात येते, आणि सुळावर माणसे चढवणाऱ्यांचे घरदारही येते.

या वाचनाची परीक्षा घ्यायची असेल तर योनाच्या चौथ्या अध्यायानंतर लगेच नहूमाचा ग्रंथ उघडावा. प्राचीन ग्रीक क्रमात ते दोन्ही असे लागूनच आहेत. बारा लघुसंदेष्ट्यांपैकी हे दोनच ग्रंथ प्रश्नाने संपतात आणि दोन्ही प्रश्न निनवेविषयीच आहेत. ‘तुझ्या सततच्या दुष्टाईचा तडाखा कोणाला बसला नाही?’ असे नहूम विचारतो. लाखीशच्या बैलगाडीत बसलेल्या कोणालाही त्याचे उत्तर क्षणात देता आले असते. योनाचा प्रश्न त्याच माणसाला विचारून पाहावा आणि तो किती वेळ गप्प राहतो याकडे लक्ष द्यावे.