कोड येतच नाही? ‘पुन्हा पाठवा’ दाबणं आधी थांबवा

पासवर्ड विसरलाय, नंबरही तोच आहे, पण खातं परत मिळवायचा कोड काही येत नाही. अशा वेळी आपण बटण दाबत राहतो आणि तिथेच फसतो: थोड्या वेळात फार मागण्या गेल्या की अनेक सेवा काही काळ कोड पाठवणंच बंद करतात.

१. स्क्रीनवर दिसणारे नंबरचे शेवटचे दोन आकडे नीट बघा. माझ्या आईच्या बाबतीत तिथे ४७ होतं, तिच्या हातातल्या सिमचे ८२. कोड जुन्या नंबरवर जात होता!

२. आकडे जुळले तर दुसऱ्या फोनवरून स्वतःला साधा एसएमएस करा. तोही आला नाही, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. तिथे आला, तर दोष फोनचा.

३. साधा एसएमएस येतो पण कोड येत नाही? मेसेज ॲपमधलं Spam & blocked उघडा. कधीकधी कोड तिथेच पडलेला असतो.

मग काही तास थांबून एकदाच मागणी करा. दोन कोड आले तर शेवटचा टाका, आधीचा बहुधा रद्द झालेला असतो.

‘मदत करतो, कोड सांगा’ म्हणणाऱ्याला मात्र तो कधीही सांगू नका.