या चुका टाळा: फ्रिजमधली मेथी पिवळी पडते, पालक चिकट होतो, तेव्हा आधी भाजीच्या ट्रेचा स्लायडर बघा

कोल्हापुरात फ्रिज दुरुस्तीला फिरताना एक तक्रार मला वरचेवर ऐकू येते. "फ्रिज चालू आहे, बर्फ होतोय, पण भाजी टिकत नाही. गॅस संपलाय का बघा." गॅस खरोखर कमी झाला असता तर बर्फ धड झाला नसता आणि दूधही नासलं असतं. बर्फ घट्ट होत असेल आणि फक्त पालेभाजी वाया जात असेल, तर बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. चूक भाजीच्या ट्रेमध्ये असते, आणि ती कोणती हे त्या खराब झालेल्या पानावरूनच कळतं.

राजारामपुरीतल्या एका काकूंकडे गेलो होतो, त्यांचंच उदाहरण सांगतो, कारण त्या एका घरात जवळजवळ सगळ्याच चुका एकापाठोपाठ एक सापडल्या. डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, खाली भाजीचा एकच रुंद ट्रे. रविवारी कपिलतीर्थ मार्केटमधून मेथीच्या दोन पेंढ्या, पालक आणि कोथिंबीर आणली होती. मी बुधवारी गेलो. मेथी मलूल होऊन पिवळी पडलेली. पालकाची मागच्या बाजूची पानं गडद हिरवी, काचेसारखी आरपार दिसणारी, हातात घेतली की पाणी सुटणारी. त्याच ट्रेमध्ये किलोभर सफरचंदं आणि चार पिकलेले चिकू होते.

"दोन दिवसांपूर्वी मी नॉब पाचवर केला ओ," काकू म्हणाल्या. "भाजी सुकतीय म्हटलं, जरा थंड होऊ दे."

इथे पहिली चूक सापडली. सुकलेली भाजी जास्त थंड करून सुधारत नाही. नॉबवरचा आकडा म्हणजे अंश नव्हेत. साधारणपणे आकडा मोठा तितकी थंडी जास्त. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरकडची थंड हवा मागच्या भिंतीतल्या झरोक्यांतून खाली सोडलेली असते. म्हणून झरोक्याजवळची आणि मागच्या भिंतीलगतची जागा सगळ्यात गार, मधले कप्पे मध्यम आणि दाराचे कप्पे सगळ्यात कमी गार. नॉब पाचवर नेला की मागच्या बाजूचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. पानातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि पान आरपार दिसायला लागतं. पालकाचं तेच झालं होतं. पान असं काचेसारखं दिसलं तर समजा, ते गोठून गेलंय.

तापमान किती आहे हे अंदाजाने ठरवू नये. एक पेला पाणी भरून मधल्या कप्प्यात ठेवायचा, त्यात साधा थर्मामीटर बुडवायचा आणि सकाळी फ्रिज उघडल्या उघडल्या वाचायचा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतक्या खालचं तापमान दाखवतच नाही. हवेतल्या आकड्यापेक्षा पाण्यातला आकडा भरवशाचा, कारण दार उघडल्याबरोबर हवा बदलते, पाणी बदलत नाही. 2 ते 4 अंश सेल्सिअस आला तर नॉबला हात लावू नका. काकूंकडे 1 आला. नॉब तीनवर आणला, दुसऱ्या दिवशी 4 मिळाला.

आता स्लायडर. ट्रेच्या वरच्या कडेला सरकवायची छोटी पट्टी असते. काहींवर पानाचं आणि फळाचं चित्र असतं, काहींवर 'हाय' आणि 'लो' लिहिलेलं असतं. बरेच जण 'हाय' म्हणजे जास्त थंडी असं समजतात. त्या पट्टीचा थंडी वाढवण्याशी संबंध नाही. ती फक्त खिडकी आहे. पट्टी बंद केली की ट्रेमधला दमटपणा आत कोंडला जातो, तो 'हाय'. उघडली की तो बाहेर जातो, तो 'लो'. खुणा पुसल्या असतील तर पट्टी सरकवून बघा: भोकं दिसली म्हणजे उघडी, दिसली नाहीत म्हणजे बंद.

हा दमटपणा येतो कुठून, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. फ्रिज तो तयार करत नाही. उलट, थंड कॉइलवर हवेतली वाफ गोठून बसते आणि कप्प्यात कोरडी हवा परत येते. ती कोरडी हवा पानातलं पाणी ओढून घेते. ट्रेमधला ओलावा हा भाजीच्याच अंगातून निघालेला असतो, आणि स्लायडर बंद केल्यावर तोच साचून राहतो. पालेभाजीचं पान पातळ आणि पसरट, पाणी झटकन सोडणारं, म्हणून तिच्यासाठी पट्टी बंदच हवी. काकूंची पट्टी फळाच्या चित्रावर, म्हणजे पूर्ण उघडी होती. मेथी मलूल झाली ती त्यामुळे.

पण मेथी नुसती मलूल नव्हती, पिवळीही होती, आणि त्याचं कारण वेगळं. आपल्याकडे कच्चे चिकू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात, आंब्याची आढी लावतात. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो कोंडून राहतो आणि शेजारची फळंही पिकवतो. हाच वायू पालेभाजीला म्हातारी करतो, पानातला हिरवा रंग मोडतो. सफरचंद, चिकू, पेरू, पपई, आंबा, पिकलेलं केळं ही सगळी तो वायू सोडणारी फळं. मेथीशेजारी चिकू कोंडून ठेवणं म्हणजे मेथीची आढी लावणं.

फळांसाठी स्लायडर उघडा ठेवतात तो म्हणूनच. वायू बाहेर जातो आणि ओलाव्याने फळांना बुरशीही कमी लागते. त्यामुळे ट्रे एकच असेल तर दोघांचं एकत्र जमत नाही. पट्टी अर्धी उघडी ठेवायला मी सुचवत नाही. त्यात भाजी सुकते आणि वायूही राहतो. ट्रे पालेभाजीला द्यायचा, पट्टी पूर्ण बंद करायची आणि फळं वरच्या कप्प्यात उघड्या टोपलीत, झरोक्यापासून बाजूला ठेवायची. दोन ट्रे असतील तर एक बंद, एक उघडा. मात्र फ्रिजमधली हवा सगळीकडे फिरते, त्यामुळे थोडा वायू भाजीपर्यंत पोचतोच. स्लायडर तो कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. कच्ची फळं तर आत ठेवूच नका. आंबा, चिकू बाहेर पिकू द्या, पिकल्यावर दोन-तीन दिवसांपुरते आत ठेवा. केळी फ्रिजमध्ये नकोतच, थंडीने साल काळी पडते.

एवढं सांगून मी निघालो. पुढच्या बुधवारी फोन आला. "मेथी चांगली हाय, पण पालक चिकट झालाय, वास येतोय." जाऊन बघितलं. काकूंनी या खेपेला पालक स्वच्छ धुऊन, ओलाच बंद ट्रेमध्ये ठेवला होता. दमटपणा म्हणजे ओलेपणा नव्हे, आणि ही चूक फार घरांत होते. हवेतला ओलावा पानाला ताजं ठेवतो, पण पानावर पाण्याचा थर राहिला की जंतू वाढतात आणि पान कुजून चिकट होतं. बंद स्लायडरमध्ये ते पाणी सुकायला वावच नसतो. बाजारात पेंढ्यांवर पाणी शिंपडलेलंच असतं. पावसाळ्यात तर आणतानाही भाजी भिजते.

मी काकूंना सांगितलेली पद्धत अशी. पेंढीची सुतळी किंवा रबर आधी सोडायचं, कारण घट्ट बांधलेल्या जागेपासूनच कुजायला सुरुवात होते. पिवळी, चिरडलेली पानं काढून टाकायची, मातीची मुळं कापायची, पण धुवायचं नाही. ओली असेल तर पंच्यावर पसरून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवायची. पानावरचं पाणी गेलं पाहिजे, पान मात्र मऊ पडता कामा नये. मग कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून ट्रेमध्ये ठेवायची. कापड जास्तीचं पाणी शोषतं आणि पानाभोवती ओलावाही धरून ठेवतं. दोन दिवसांनी कापड हाताला ओलं लागलं तर बदलायचं. धुणं स्वयंपाकाच्या वेळी. असं ठेवल्यावर माझ्या घरी पालक चार दिवस, मेथी पाच-सहा दिवस आणि कोथिंबीर आठवडाभर चांगली राहते.

पालक बाजूला केल्यावर ट्रे पूर्ण बाहेर ओढला, तर त्याच्याखाली फ्रिजच्या तळाला पाणी साचलेलं. हे भाजीचं पाणी नव्हतं. कॉइलवरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळतो आणि ते पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरजवळच्या भांड्यात जातं. नळी तुंबली की पाणी आत उतरून ट्रेखाली साचतं. कधी नळीतच बर्फ धरलेला असतो, कधी कचरा अडकलेला असतो. आतल्या मागच्या भिंतीवर नळीचं भोक दिसत असेल तर फ्रिज बंद करून, बर्फ वितळू देऊन, त्यात कोमट पाणी हळूहळू सोडा. भोक झाकणाच्या आत असेल तर मेकॅनिकला बोलवा, झाकण उचकटू नका. काकूंच्या फ्रिजमध्ये ते झाकणामागेच होतं, मी ते उघडून साफ केलं.

सिंगल डोअर फ्रिज असेल तर यातलं थोडं बदलतं. तिथे फ्रीझर वर असतो, त्याच्या खालचा ट्रे सगळ्यात गार आणि तळाचा भाजीचा ट्रे त्या मानाने कमी गार. बऱ्याच मॉडेलना स्लायडर नसतोच. ट्रेवरची काच किंवा झाकण नीट बसत असेल तर ओलावा आत राहतो. काच सरकलेली असेल किंवा ट्रे अर्धवट बाहेर असेल तर पाला सुकतो, आणि स्लायडरवाल्या फ्रिजचंही तसंच आहे. ट्रे पूर्ण आत गेला नाही तर पट्टी बंद असून उपयोग नाही.

वांगी, काकडी आणि भेंडी मात्र याच ट्रेमध्ये कोंबू नयेत. त्यांना इतकी थंडी सोसत नाही, चार-पाच दिवसांत खड्डे पडतात, काकडी पाणचट होते. ती दोन दिवसांत संपतील एवढीच आणावीत आणि आत ठेवायचीच असतील तर दाराजवळच्या कमी गार जागेत ठेवावीत.

काकूंचा शेवटचा प्रश्न चांगला होता. गुरुवारी मेथी, पालक संपतात, कोथिंबिरीची एकच पेंढी उरते आणि तीच सुकायला लागते, असं का? कारण मोठ्या ट्रेमध्ये ओलावा द्यायला आता भाजीच उरलेली नसते. ट्रे साधारण निम्म्याहून जास्त भरलेला असेल तेव्हा स्लायडर नीट काम करतो. उरलेली कोथिंबीर त्या वेळी कापडासकट छोट्या झाकणाच्या डब्यात घालायची आणि डबा मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचा.